फ्रीझ केलं की फोन अडकला? कुस्तीच्या एका रीलची चिरफाड

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमुळे ठरला. सातारा जिल्ह्यातला मुलगा आहे. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड होता. त्याच्या चुलतभावाने समोरच्या पैलवानाला धोबीपछाड मारून चितपट केलं. याने ते फोनवर शूट केलं आणि अठ्ठेचाळीस सेकंदांचं रील बनवलं. त्यात तीन वेळा फ्रीझ आहे. प्रत्येक फ्रीझला पांढरा फ्लॅश आणि ‘धाड’ असा आवाज. मग डाव उलटा चालवलाय, म्हणजे पडलेला गडी मातीतून उठून परत खांद्यावर चढतो, मागे कार्टूनचं संगीत. शेवटी हरलेल्या पैलवानाच्या वेड्यावाकड्या झालेल्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट आणि त्यावर हसणारी इमोजी.

रील दोन्ही गावांच्या ग्रुपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी त्या पैलवानाच्या वस्तादांचा फोन आला: ‘पोरा, कुस्ती हरणं यात काही नाही, पण हे काढ.’ याने काढलं. आणि मला विचारतो, ‘ताई, डाव तर भारी होता. तो भारी दिसावा म्हणूनच फ्रीझ टाकलं होतं. मग ते असं स्वस्त का वाटलं?’

प्रश्न चांगला आहे. त्याने मला मूळ क्लिपही पाठवली, तर आज आपण तीच घेऊन बसू.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. थिएटरमध्ये चित्र थांबलं की प्रेक्षकाला कळतं की दिग्दर्शकाने थांबवलंय. फोनवर तसं नाही. एसटीत बसून, रेंज येत-जात असताना आपण रील बघतो. चित्र थांबलं की पहिला विचार काय येतो? नेट गेलं. दुसरा विचार, फोन हँग झाला. अंगठा आपोआप वर जातो आणि तुमचं रील गेलं. म्हणून फोनवरच्या फ्रीझचं पहिलं काम हेच की हे मुद्दाम केलंय हे लगेच कळलं पाहिजे. दुसरं काम, इथेच का थांबलो हे कळलं पाहिजे. फ्लॅश आणि ‘धाड’ पहिलं काम करतात, अगदी ओरडून करतात. दुसऱ्याबद्दल काही बोलत नाहीत. संध्याकाळच्या मालिका आठवा. सासूने एक वाक्य टाकलं की घरातल्या सहाही जणांचे चेहरे एकामागून एक थांबतात, प्रत्येकाला तीन-तीन धक्के. कोणाचा धक्का खरा आणि कोण नुसतं उभं आहे, हे कळत नाही. सगळ्यांवर सारखंच वजन टाकलं की कशावरच वजन उरत नाही. या रीलचंही तेच झालंय.

आता याच्या उलट उदाहरण. सत्यजित राय यांचा ‘चारुलता’, 1964 सालचा. शेवटी नवरा-बायको दारात समोरासमोर आहेत, मध्ये बरंच काही मोडलेलं आहे. ती हात पुढे करते, तो हात पुढे करतो. आणि हात एकमेकांना भिडायच्या आत चित्र थांबतं. पुढे एकामागून एक स्थिर चित्रं येतात. हात भिडल्यावर थांबवलं असतं तर प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. राय यांनी अलीकडे थांबवलं, म्हणून प्रश्न तिथेच लटकत राहिला. फ्रँस्वा त्रुफो यांच्या ‘द 400 ब्लोज’मध्ये, तो 1959 चा, मुलगा पळत पळत समुद्रापर्यंत जातो, वळतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि तिथे फ्रीझ. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. चित्र थांबतं आणि त्याच वेळी त्याचा चेहरा जवळ येतो. चित्र गोठलंय, पण फ्रेम जिवंत आहे. हे लक्षात ठेवा, आपल्या कामाचं आहे.

बरं, कुस्तीकडे येऊ. मूळ क्लिपमध्ये डाव साधारण असा आहे. तिसाव्या सेकंदाला चुलतभाऊ हात पकडतो, पाठ फिरवतो. साडेएकतीसला समोरचा पैलवान खांद्यावरून पूर्ण वर, दोन्ही पाय हवेत. आणि एकतीस पूर्णांक नऊला पाठ मातीला. म्हणजे सगळ्यात वरच्या क्षणापासून पाठ टेकेपर्यंत फक्त 0.4 सेकंद. क्लिप तीस फ्रेमची आहे, तर हिशोब करा, हातात बारा फ्रेम येतात. या बारांतली एक निवडायची आहे, आणि सगळा खेळ इथे आहे.

याने फ्रीझ कुठे केलं होतं? पाठ टेकल्यावर. म्हणजे उत्तर मिळाल्यानंतर. तिथे थांबून बघणाऱ्याला करायला काही उरत नाही, म्हणून मग फ्लॅश लागतो, आवाज लागतो. फ्रीझ बारा फ्रेममध्ये कुठेतरी ठेवा, गडी हवेत असताना. आता बघणारा स्वतःच श्वास धरतो: पडतोय की सुटतोय? कारण चांगला पैलवान हवेतही अंग वळवून पोटावर पडू शकतो, हे फडावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

बारांतली कोणती? इथे दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, धूसरपणा. फोन संध्याकाळी शटर लांब ठेवतो, समजा सेकंदाचा साठावा भाग. खाली येताना शरीराचा वेग सेकंदाला चार-पाच मीटरपर्यंत गेला, तर एका फ्रेममध्येच ते सात-आठ सेंटिमीटर सरकतं. व्हिडिओ चालू असताना हे दिसत नाही, उलट त्या धूसरपणामुळेच हालचाल गुळगुळीत वाटते. पण थांबवलं की हाताच्या जागी पिठाचा गोळा दिसतो. म्हणून वेग जिथे सगळ्यात कमी तिथे थांबायचं. उचललेली वस्तू सगळ्यात वर पोचल्यावर क्षणभर मंदावते. म्हणजे बारांतल्या पहिल्या तीन-चार फ्रेम. टाइमलाइन दोन बोटांनी पूर्ण मोठी करा, एकेक फ्रेम सरका, फक्त डोळ्यांच्या अंदाजाने थांबू नका.

दुसरी गोष्ट, चेहरा. ही वस्तादांच्या फोनची गोष्ट आहे. हालत्या चित्रात माणसाचा चेहरा सतत कुठून तरी कुठे तरी जात असतो. ओठ अर्धवट, डोळा अर्धा मिटलेला. हे भाव त्याच्या चेहऱ्यावर खऱ्या अर्थाने कधी नव्हतेच, तीस-चाळीस मिलिसेकंदांत येऊन गेले. त्यातला एक तुम्ही काढून दोन सेकंद दाखवलात, तर ‘हा माणूस असा दिसत होता’ असं तुम्ही म्हणताय, आणि ते खोटं आहे. या क्लिपमध्ये मी पहिल्या चार फ्रेम बघितल्या. पहिल्या दोनमध्ये हरणाऱ्या पैलवानाचं तोंड वेडंवाकडं आहे. तिसऱ्यात जिंकणाऱ्याचा दंड त्याच्या चेहऱ्यासमोर येतो, आणि दोघांच्या अंगाची एकच कमान दिसते, मागे उडालेली माती. मी तिसरी घेईन. त्यात डाव दिसतो, आणि कोणाची फजिती दिसत नाही. गंमत म्हणजे चित्र म्हणूनही तीच फ्रेम सगळ्यात छान आहे.

किती वेळ थांबायचं? मजकूर नसेल तर फोनवर एक ते दीड सेकंद पुरे. याने अडीच-अडीच ठेवलेत, तेही तीनदा.

आता आवाज, आणि स्वस्त वाटण्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. फडावर हलगी वाजतेय. फ्रीझचं बटण दाबलं की बहुतेक ॲपमध्ये त्या तुकड्याला आवाजच नसतो. म्हणजे हलगी मध्येच कापली जाते, दीड सेकंद शांतता, मग परत हलगी. हे म्हणजे शुद्ध नेट गेल्यासारखं. दुसरा मार्ग म्हणजे मूळ आवाज वेगळा करून खाली तसाच चालू ठेवायचा. पण मग फ्रीझ जितका लांब, तितकं पुढचं चित्र आवाजाच्या मागे पडतं. गडी मातीवर पडल्याचा दणका आधी ऐकू येतो आणि गडी नंतर पडतो.

करायचं काय? फ्रीझच्या पोकळीत त्याच क्लिपमधल्या आधीच्या भागातली हलगी आणि गर्दीचा आवाज टाकायचा. आणि हलगीला ठेका असतो, हे विसरायचं नाही. या क्लिपमध्ये मी मोजलं, एक आवर्तन 0.6 सेकंदांचं, म्हणजे अठरा फ्रेम. तर फ्रीझ दोन आवर्तनांचा ठेवा, छत्तीस फ्रेम, 1.2 सेकंद. आवाजाचा तुकडाही नेमका तेवढाच, ठेक्याच्या त्याच जागेवरून उचललेला. दोन्ही टोकांना दोन-तीन फ्रेमचा फेड, म्हणजे जोडावर ‘टक्’ होणार नाही. फ्रीझ संपला की मूळ आवाज जिथे थांबवला होता तिथूनच चित्रासोबत सुरू, आणि दणका आपल्या जागी. चित्र थांबलंय, हलगी थांबलेली नाही, ठेकाही चुकलेला नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण हे कोणीतरी जाणूनबुजून केलंय हे त्याला कळतं. वेगळ्या ‘धाड’ची गरजच नाही. मातीवर पडणाऱ्या नव्वद किलोच्या माणसाचा आवाज त्याहून चांगला असतो.

पण अर्धी जनता रील म्यूटवर बघते. त्यांच्यासाठी? त्रुफोचा चेहरा जवळ आला होता ना, तेच. त्या छत्तीस फ्रेममध्ये चित्र शंभर टक्क्यांवरून एकशेचार टक्क्यांपर्यंत हळूच मोठं करा. चारच टक्के. एकशेवीस केलंत की परत मालिका. या सरकण्याचा आणखी एक फायदा होतो. हातात धरलेला फोन सतत थोडा हलत असतो, आणि कमी उजेडात चित्रात बारीक दाणे वळवळत असतात. फ्रीझ होताच दोन्ही एकदम मरतात, आणि काच बसवल्यासारखं वाटतं. हळू झूम त्या हलण्याची जागा भरून काढतो. दाणे खूप असतील तर ग्रेनचा इफेक्ट अगदी हलका, फक्त फ्रीझवर टाकायचा. नीट तुलना करून बघा, आधी आणि नंतरच्या चित्राशी जुळला पाहिजे, जास्त दिसला तर काढून टाका.

आता उलट्या क्लिपकडे. लोकांना वाटतं हे मोबाईल ॲपचं खूळ आहे. तसं नाही, ते सिनेमाइतकंच जुनं आहे. लुई ल्युमिएर यांनी 1896 साली भिंत पाडतानाचा छोटा चित्रपट केला आणि तो उलटाही दाखवला जायचा. धूळ गोळा होते आणि पडलेली भिंत उभी राहते. लोक चकित व्हायचे. त्यातली मजा अशक्य गोष्ट घडते याची आहे. भिंतीला लाज नसते, म्हणून ते चालतं. पडलेला माणूस उलटा उठवला की तो हास्यास्पद होतोच, मागे संगीत कोणतंही लावा. म्हणून डाव उलटा चालवायला माझा विरोध आहे. एक अपवाद. तुम्हाला डाव समजावून सांगायचा असेल, म्हणजे ‘पकड कुठे बसली ते बघा’ असं, तर पाठ टेकल्यापासून पकडीपर्यंतचा भाग तिप्पट वेगाने उलटा न्या, आवाज बंद. या क्लिपमध्ये तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास संपतो. क्रिकेटच्या रिप्लेमुळे आपल्या डोळ्यांना ही भाषा माहीत आहे, त्यात कोणी हसत नाही. पण मग हवेतला फ्रीझ नको. एकाच रीलमध्ये श्वास रोखायला लावायचं आणि शिकवायचंही, हे दोन्ही जमत नाही.

उलट्या क्लिपचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो, तो म्हणजे कोणाला कळूच न देता. समजा सुरुवातीला चांदीच्या गदेचा शॉट हवाय. कॅमेरा दुरून पुढे जातो आणि गदेच्या नक्षीवर नेमका येऊन थांबतो. हातात फोन घेऊन हे दहा वेळा करा, नऊ वेळा कुठेतरी बाजूला थांबाल, किंवा जवळ गेल्यावर फोकस शोधत बसेल. मग उलटं करा. आधी गदेच्या जवळ जा, फ्रेम मनासारखी लावा, बोट दाबून फोकस लॉक करा, आणि तिथून सावकाश मागे या. हा शॉट उलटा लावला की कॅमेरा अचूक येऊन पोचतो, कारण शेवट तुम्ही आधीच लावून ठेवलेला आहे. मागे आल्यावर फोकस थोडा हलला तरी शॉटची ती सुरुवात असते, तिथे बघणाऱ्याला अजून काही शोधायचं नसतं.

फक्त चौकटीत दिशा असलेली कोणतीही गोष्ट नको. उदबत्तीचा धूर खाली जाताना दिसला की पकडले गेलात. मागे चालणारा माणूस उलट्या पावली जातो, तो तर शाळकरी पोरगाही ओळखतो. निशाण फडकत असेल तर बारकाईने बघा: वाऱ्याची लाट काठीकडून टोकाकडे जाते, उलट्यात ती टोकाकडून काठीकडे येते. लगेच नाव देता येत नाही, पण काहीतरी खटकतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. आधी हवा तेवढाच तुकडा कापा, मग उलटा करा. व्हिडिओ फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. उलट्या दिशेने ते उलगडायला फोनला खूप काम पडतं. पाच मिनिटांची क्लिप आणि तीही फोर-के, तर साधा फोन मान टाकतो.

राहिली स्थिर चित्रं. डाव संपल्यावर याने जो स्क्रीनशॉट टाकला होता तो फुटलेला दिसतो, कडेला प्लेअरच्या बटणाची सावलीसुद्धा आहे. स्क्रीनशॉट म्हणजे व्हिडिओ नाही, तुमच्या स्क्रीनचा फोटो. फ्रेम फाइलमधूनच काढा. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये `Export frame` असा पर्याय असतो. एडिटिंग ॲपमध्ये फ्रीझ केलेला तुकडा असेल तर तो टाइमलाइनवर तसाच वापरा, बाहेर नेऊन परत आणायची गरज नाही. आणि आकाराचा अंदाज ठेवा. साध्या फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे दोन मेगापिक्सेलचा फोटो. त्यातून चेहरा कापून मोठा केलात तर हाती काही राहत नाही. फोर-केची फ्रेम आठ मेगापिक्सेलच्या वर जाते, तिला निम्मी कापली तरी रीलला पुरते.

या क्लिपमध्ये कुस्तीनंतर अजून अकरा सेकंद शूट झालंय, आणि याने ते वापरलंच नव्हतं. त्यात जिंकलेला हात देऊन हरलेल्याला उठवतो. मग एक म्हातारे गृहस्थ, बहुधा वस्तादच, हरलेल्याच्या पाठीवरची माती झाडतात. इथून दोन स्थिर चित्रं काढा. हात देतानाचं पंधरा फ्रेम, पाठ झाडतानाचं पंचेचाळीस. मुद्दाम असमान. सारखी लांबी दिली की लग्नाच्या अल्बमचा स्लाइड शो होतो. यावर झूम नको, हलगी आपली चालू राहू दे आणि दुसऱ्या चित्राखाली हळूहळू विरत जाऊ दे.

पुढच्या जत्रेला शूट करणार असशील तर एक सांगते. साठ फ्रेमवर शूट कर. बारा फ्रेमच्या जागी चोवीस मिळतील निवडायला. फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर शंभरावा भाग ठेव. धूसरपणा पाच सेंटिमीटरच्या आत येतो. पाचशेवा ठेवून आणखी धारदार करायचा मोह होईल, पण फडावर रात्री दिवे असतात, आणि आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शंभराव्या भागात प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण लहर मिळते. पाचशेव्यात मिळत नाही, आणि चित्रावर काळे पट्टे धावायला लागतात. दुपारची कुस्ती असेल तर खुशाल पाचशे ठेव.

एक्सपोर्ट झाल्यावर फाइल परत उघडून फ्रीझची फ्रेम एकदा तपासायची. फोन कमी उजेडात फ्रेमचा वेग मध्येच कमी करतो, सगळ्या फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही, आणि काही ॲप एक्सपोर्ट करताना ते सारखं करून घेतात. अशा वेळी निवडलेली तिसरी फ्रेम सोडून आधीची दुसरी येऊन बसू शकते. आणि या क्लिपमध्ये दुसऱ्या फ्रेमवर काय आहे, ते आपल्याला माहीत आहे.

तर नवीन रील तयार झालं की आधी त्या वस्तादांना पाठव, मग ग्रुपवर टाक. भेटू पुढच्या भागात.